इतिहासाच्या उत्तरात तपशिलाचे मोल

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासण्याची आपल्या परिचयाची रीत म्हणजे मुद्द्यांची मोजणी. आदर्श उत्तरात दहा मुद्दे असतील, तर त्यांपैकी किती आले हे परीक्षक पाहतो आणि समासात बरोबरच्या खुणा करीत जातो. मीही अनेक वर्षे हेच केले. इंग्लंडमधील शालेय परीक्षांनी मात्र निराळी वाट धरली. तेथे १९७२ साली सुरू झालेल्या शालेय इतिहास प्रकल्पाने, इतिहास ही पुराव्यावरून विचार करण्याची शिस्त आहे, असा आग्रह धरला. पुढे १९८८ साली जी.सी.एस.ई. ही परीक्षा प्रथम घेतली गेली आणि तिच्याबरोबर 'प्रतिसाद-स्तर' पद्धतीचे गुणदान रुळत गेले. ही पद्धती मला अधिक न्याय्य वाटते. परंतु तिच्यात तपशिलाला किंमत नसते, हा समज मात्र चुकीचा आहे.

येथे परीक्षक आधी संपूर्ण उत्तर वाचतो आणि ते विचाराच्या कोणत्या पायरीवर उभे आहे, हे ठरवतो. प्रश्न १६ गुणांचा आणि स्तर चार आहेत, असे समजू. पहिल्या स्तरावर सुटी विधाने असतात, दुसऱ्यावर वर्णन, तिसऱ्यावर कारणांचे स्पष्टीकरण आणि चौथ्यावर कारणांची तुलना करून दिलेला निर्णय. स्तर निश्चित झाल्यावरच त्याच्या चार गुणांतील जागा ठरते. त्यामुळे वर्णन कितीही लांबले, तरी ते आठ गुणांपलीकडे जात नाही.

एक प्रश्न घेऊ : 'जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला, याचे मुख्य कारण आर्थिक मंदी होते. या मताशी आपण कितपत सहमत आहात?'

पहिला विद्यार्थी व्हर्सायचा तह, १९२३ ची महागाई, त्याच वर्षीचा म्युनिकचा फसलेला उठाव आणि १९२९ ची शेअर बाजारातील घसरण हे सर्व अचूक व क्रमाने लिहितो. परंतु एका घटनेमुळे दुसरी कशी घडली, हे तो सांगत नाही. त्याचे उत्तर दुसऱ्या स्तरावर राहते. दुसरी विद्यार्थिनी कमी लिहिते. अमेरिकी कर्जे परत मागितली गेली, कारखाने बंद पडले, बेकारांची संख्या १९३२ च्या आरंभी ६० लाखांवर गेली आणि हताश मतदार नाझी पक्षाकडे वळले. म्हणून १९२८ मधील १२ जागांच्या जुलै १९३२ मध्ये २३० झाल्या, अशी ती साखळी जोडते. हा तिसरा स्तर झाला.

तिसरा विद्यार्थी ही साखळी मांडून तेथेच एक अडचण उपस्थित करतो. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत, मंदी कायम असतानाही, नाझींच्या जागा १९६ पर्यंत घसरल्या. तरी तीन महिन्यांच्या आत हिटलर सत्तेवर आला. मग केवळ मंदीने हे कसे स्पष्ट होईल? तो लिहितो, की मंदीने पक्ष मोठा केला. पण पद मिळाले ते हिटलरला आपण आवरू शकू, अशा समजुतीने पापेनने राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचे मन वळवल्यामुळे. मात्र मंदीने पक्ष एवढा वाढवला नसता, तर पापेनला हिटलरशी सौदा करण्याचे कारणच उरले नसते. येथे दोन कारणांचे परस्परनाते ठरले आहे, म्हणून हा चौथा स्तर. आणि हा निर्णय १९६ या एका आकड्यावर उभा आहे. तो ठाऊक नसता, तर प्रश्नच सुचला नसता.

या पद्धतीत खोट शिरते ती येथेच. स्तरांची वर्णने सर्वांना ठाऊक झाली, की विद्यार्थी विचाराऐवजी वाक्प्रयोग शिकतात. 'एकीकडे', 'दुसरीकडे' आणि शेवटी 'माझ्या मते दोन्ही कारणे तितकीच महत्त्वाची आहेत'. घाईतला परीक्षक याला चौथा स्तर देऊन बसतो. ओळखण्याची एक साधी युक्ती आहे : ते शेवटचे वाक्य उचलून फ्रेंच राज्यक्रांतीवरील उत्तराला जोडून पाहावे. तेथेही ते चपखल बसले, तर तो निर्णय नव्हे. दुसरी मर्यादा सीमारेषेची. आठ की नऊ, यावर दोन जाणत्या परीक्षकांचे एकमत होईलच असे नाही. म्हणून तपासणीपूर्वी नमुन्याच्या उत्तरपत्रिका एकत्र वाचाव्या लागतात. मुद्दे मोजण्याच्या रीतीत हा वाद कमी होतो, हे मान्य करावे लागेल.

पहिल्या विद्यार्थ्याविषयी मात्र मला हळहळ वाटते. १९२३ ची महागाई त्याच्या उत्तरात होतीच. तिची धास्ती मनात असल्याने ब्र्यूनिंग सरकार मंदीतही खर्च वाढवण्यास कचरले, उलट कपात केली आणि बेकारी आणखी वाढली, एवढे त्याने जोडले असते, तर माहितीत फारशी भर न घालताही त्याचे उत्तर तिसऱ्या स्तरावर गेले असते.