विश्लेषण : सोसायटीची समिती बदलली; बँकेतल्या सह्या कधी बदलणार?

सोसायटीची निवडणूक झाली, निकाल लागला, हार-पेढे झाले. आठ दिवसांनी नवे सचिव सुरक्षारक्षकांच्या पगाराचा चेक घेऊन बँकेत जातात आणि काउंटरवरून उत्तर मिळते, ‘तुमची सही आमच्याकडे नाही.’ मग घाईघाईने चार ओळींचे पत्र लिहिले जाते : ‘नवीन समिती निवडून आली आहे, तरी सह्या बदलून द्याव्यात.’ हे पत्र बहुतेक वेळा परत येते. ते का परत येते आणि कसे लिहिले तर येत नाही, याचा हा ऊहापोह.

बँक पत्रावर विश्वास का ठेवत नाही?

कारण पत्र लिहिणाऱ्याला बँक ओळखत नाही. बँकेच्या नोंदीत आजही जुन्या सचिवांची सही आहे. नव्या सचिवांनी ‘मी सचिव आहे’ असे स्वतःच्या सहीने कळवणे म्हणजे स्वतःच स्वतःची ओळख देणे. बँकेचे खाते सोसायटीचे असते, सचिवांचे नसते. ते कोणी चालवायचे हे समितीने ठरवायचे असते आणि समितीचे म्हणणे फक्त ठरावातून कळते. म्हणजे सह्या बदलण्याचा अधिकार ठरावात आहे, पत्र हा केवळ त्या ठरावाचा निरोप आहे.

मग ठराव करणारी समिती खरी कशावरून? याचे उत्तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दिलेल्या निकालपत्रात असते. त्यामुळे कागदांची एक साखळी लागते. निकालपत्र सांगते की समितीत कोण निवडून आले. पदाधिकारी निवडीच्या सभेचे इतिवृत्त सांगते की त्यांच्यापैकी अध्यक्ष, सचिव, खजिनदार कोण झाले. समितीचा ठराव सांगतो की खाते कोण आणि कसे चालवणार. पत्र या तिन्हींना एकत्र बांधते. यातला एक दुवा निसटला की शाखा अधिकारी फाइल बाजूला ठेवतो आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. चुकीच्या माणसाच्या सहीने पैसे गेले तर प्रश्न त्यालाच विचारले जातात.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातील 64 सदनिकांची एक सोसायटी. 15 जूनला निकाल लागला, 22 जूनला पदाधिकारी निवडले गेले. समितीने मात्र सह्या बदलण्याचा ठराव 15 जूनच्याच तारखेने लिहिला. ‘निकालाच्या दिवशीच कारभार हाती घेतला’ असे दाखवण्याची हौस. बँकेने विचारले, 15 तारखेला सचिव निवडलेलेच नव्हते, तर ‘सचिव’ म्हणून सहीचा अधिकार दिला कोणाला? ठराव नव्याने करावा लागला आणि त्यात दहा दिवस गेले. तारखांचा क्रम निकाल, पदाधिकारी निवड, ठराव, पत्र असाच हवा. दुसरी आणि तिसरी गोष्ट एकाच दिवशी झाली तरी चालते, पण ठराव आधी आणि निवड नंतर असे होता कामा नये.

ठरावात नेमके काय हवे?

‘अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांना सहीचे अधिकार देण्यात येत आहेत’ एवढेच लिहिले तर बँकेला कळत नाही की तिघांच्या सह्या हव्यात, दोघांच्या की एकाची पुरे. इथे उपविधी उघडून पाहावेत. अनेक सोसायट्यांच्या उपविधींत सचिवांची सही आणि तिच्यासोबत अध्यक्ष किंवा खजिनदार यांच्यापैकी एकाची सही, अशी रचना असते. सोयीसाठी समित्या ‘तिघांपैकी कोणतेही दोन’ असे लिहून मोकळ्या होतात. दोन्ही वाक्ये सारखी वाटतात, पण दुसऱ्यात अध्यक्ष आणि खजिनदार मिळून, सचिवांना पत्ता न लागता, पैसे काढू शकतात. उपविधींत सचिवांची सही बंधनकारक असेल, तर तो ठराव उपविधींच्या विरोधात जातो आणि पुढे लेखापरीक्षक त्यावर शेरा मारतो.

दुसरी राहून जाणारी गोष्ट म्हणजे खात्यांची यादी. सोसायटीचे बचत खाते सगळ्यांना आठवते. सिंकिंग फंडाची मुदत ठेव, दुरुस्ती निधीची ठेव, दुसऱ्या बँकेत वर्षानुवर्षे पडून असलेले खाते मात्र पत्रात येत नाही. ठेवीची मुदत संपते, ती आपोआप नूतनीकृत होते आणि गळक्या गच्चीसाठी ती मोडायची वेळ आली की कळते, तिथे दोन समित्यांपूर्वीच्या सह्या आहेत. म्हणून प्रत्येक खात्याचा आणि ठेवपावतीचा क्रमांक लिहावा. वेगळ्या बँकेसाठी वेगळे पत्र लागेल.

तिसरी गोष्ट कागदावर दिसतच नाही. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि नेट बँकिंगचे अधिकार. चेकवरच्या सह्या बदलल्या, पण ओटीपी जुन्या सचिवांच्या फोनवर जात राहिला तर खाते अर्धेच हातात आले. शिवाय 50 हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवण्याची ‘पॉझिटिव्ह पे’ सोय 1 जानेवारी 2021 पासून आहे आणि मोठ्या रकमांसाठी अनेक बँकांनी ती सक्तीची केली आहे. तो तपशील नेट बँकिंगमधून द्यायचा असेल तर तिथे लॉगिन कोणाचे, हा प्रश्न पहिल्याच मोठ्या चेकला उभा राहतो.

पत्राचा नमुना कसा असावा?

वरील सोसायटीने दुसऱ्या खेपेस दिलेले पत्र साधारण असे होते :

‘विषय : खात्यावरील अधिकृत सह्यांत बदल करण्याबाबत.
महोदय, आमच्या संस्थेच्या व्यवस्थापक समितीची निवडणूक होऊन दि. 15 जून 2025 रोजी निकाल जाहीर झाला. दि. 22 जून 2025 च्या सभेत नवे पदाधिकारी निवडले गेले. समितीने दि. 2 जुलै 2025 रोजी केलेल्या ठराव क्र. 1 नुसार माजी अध्यक्ष, माजी सचिव व माजी खजिनदार यांचे सहीचे अधिकार काढून घेण्यात आले असून, सोबतच्या तक्त्यातील नव्या पदाधिकाऱ्यांना ते देण्यात आले आहेत. यापुढे खाते सचिव आणि त्यांच्यासोबत अध्यक्ष किंवा खजिनदार यांच्यापैकी एक, अशा दोन सह्यांनी चालवले जाईल. हा बदल तक्त्यातील बचत खाते व तीन मुदत ठेवींना लागू आहे. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक, ई-मेल व नेट बँकिंगचे अधिकारही तक्त्याप्रमाणे बदलावेत. जुन्या सह्यांनी दिलेल्या व अद्याप न वटलेल्या चेकची यादी जोडली आहे. फक्त तेवढेच चेक वटवावेत. बदल नोंदल्याची तारीख लेखी कळवावी.’

सोबत निकालपत्र, इतिवृत्त आणि ठराव यांच्या सत्यप्रती, नव्या तिघांचे पॅन, आधार वगैरे केवायसीचे कागद, फोटो आणि बँकेच्या छापील अर्जावरील नमुना सह्या. ठरावाच्या प्रतीवर अध्यक्ष आणि सचिव दोघांची सही व संस्थेचा शिक्का असावा. अनेक शाखा समिती सदस्यांचे एम-20 बंधपत्रही मागतात. ते तयार असेल तर आधीच जोडावे. केवायसीसाठी तिघांना प्रत्यक्ष शाखेत जावे लागते, तेव्हा एक जण गावी गेला असेल तर तो परतेपर्यंत काम अडते.

जुन्या चेकचे काय?

पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, आणि बहुतेक पत्रांत ती नसते. चेक तीन महिने वैध असतो. जुन्या समितीने मेअखेरीस लिफ्टच्या देखभालीचा 42,500 रुपयांचा चेक दिला आणि कंत्राटदाराने तो जुलैत भरला, तर तोवर संगणकावर नव्या सह्या आलेल्या असतात. चेक ‘सही जुळत नाही’ म्हणून परत येतो. खात्यात पैसे होते, हा बचाव इथे पुरतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात, सही न जुळल्याने परत आलेला चेकही पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली येऊ शकतो, असे म्हटले. त्या कंपनीतही सहीचे अधिकार बदलले होते आणि चेक आधीच्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे होते.

म्हणून जुन्या समितीकडून चेकबुकाची स्थळप्रत घेऊन बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहावी. जे चेक लिहिले पण उताऱ्यात आले नाहीत, ती यादी. काही शाखा जुनी सही काढल्यावर असे चेक वटवायला तयार नसतात. तेव्हा लाभार्थ्याला लेखी कळवून जुना चेक परत घ्यावा आणि नवा द्यावा. कोरे उरलेले चेक यादी करून बँकेत जमा करावेत किंवा त्यांचे पेमेंट थांबवावे.

जुने पदाधिकारी सही देत नसतील तर?

काही शाखा पत्रावर जुन्या सही करणाऱ्यांचीही सही मागतात. सगळे गुण्यागोविंदाने चालले असेल तर ती घ्यावी, काम दोन दिवसांत होते. पण ती अट म्हणून लादणे आम्हाला चुकीचे वाटते. निवडणुकीत हरलेल्याची संमती घेऊन जिंकलेल्याने कारभार करावा, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी निकालपत्राची प्रमाणित प्रत पुढे करावी आणि शक्य असल्यास उपनिबंधक कार्यालयाकडून नव्या समितीची यादी प्रमाणित करून घ्यावी. दप्तरच मिळत नसेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 160 खाली निबंधक माजी अध्यक्षांना दप्तर व मालमत्ता सोपवण्याचा आदेश देऊ शकतात. तरीही न दिल्यास कलम 80 खाली जप्तीचा मार्ग आहे.

खरी पंचाईत होते ती एकाच खात्याबद्दल बँकेत दोन परस्परविरोधी पत्रे गेली की. बँक न्यायालय नाही. ती खात्यातून पैसे जाणेच थांबवते. मग विजेचे बिल थकते, पंप बंद पडण्याची वेळ येते आणि दोन्ही गट एकमेकांकडे बोट दाखवतात. निवडणुकीचा वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातो, पण नुसता दावा दाखल झाल्याने नव्या समितीचा अधिकार थांबत नाही, त्यासाठी स्थगिती आदेश लागतो. असा आदेश नसल्याचे पत्रात स्पष्ट लिहावे आणि विरोधकांकडे तो असेल तर दाखवायला सांगावे, असे बँकेला सुचवावे. तरीही बँक कारण न देता अडवत असेल, तर लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर योजनेत येणाऱ्या बँकांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

बदल झाला असे बँकेने तोंडी सांगितले तरी पगाराचा मोठा चेक लगेच फाडू नये. आधी शे-पाचशेचा एक चेक सोसायटीच्याच एखाद्या किरकोळ देण्यासाठी द्यावा. तो वटला आणि त्याचा संदेश नव्या सचिवांच्या फोनवर आला, तर खाते खरोखर हातात आले.