पेन विकण्याआधी विचारा

सेल्सच्या मुलाखतीत साहेब पेन पुढे करतात आणि म्हणतात, “हे मला विका.” यावर हमखास सांगितलं जाणारं उत्तर २०१३च्या ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ या सिनेमातलं आहे. त्यातला ब्रॅड पेन घेतो आणि समोरच्याला कागदी रुमालावर नाव लिहायला सांगतो. त्याच्याकडे पेन नसतं. झाली मागणी तयार!

मला हे अजिबात मान्य नाही. ही गरज नव्हे, अडवणूक आहे. साहेबांच्या खिशात दुसरं पेन निघालं की सगळी युक्ती संपते. त्याच सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगात ऑकलंडच्या सभागृहातली माणसं पेन हाती येताच त्याचं कौतुक सुरू करतात, आणि सिनेमाचा नायक बेलफर्ट ते काढून घेऊन पुढच्याला देतो. घेणारा कोण, हे त्यांच्यापैकी कुणीच विचारत नाही. खरी चूक तिथे आहे.

विचारलं तर काय घडतं? समजा, हाती साधं बॉलपेन आहे.

“सर, दिवसभरात पेन सगळ्यात जास्त कुठे लागतं?”

“डीलरकडे ऑर्डर बुक भरताना.”

“सध्याच्या पेनाचा काही त्रास?”

“जेल पेन आहे. कार्बनची खालची प्रत नीट उमटत नाही.”

“मग पुढे काय होतं?”

“गोदामात आकडा चुकीचा वाचतात. माल परत आणावा लागतो.”

आता विक्रीला आधार मिळाला. “सर, हे बॉलपेन आहे, दाबून लिहिता येतं. तुमच्याच ऑर्डर बुकवर लिहून खालची प्रत बघा. उमटली, तर तुमच्या सगळ्या सेल्समनसाठी उद्या पाठवू का?” एकच गुण सांगितला, तोही त्यांच्या अडचणीला लागू पडणारा, आणि लगेच ऑर्डर मागितली.

यातला तिसरा प्रश्न मोलाचा. नील रॅकहॅम यांनी १९८८च्या ‘स्पिन सेलिंग’मध्ये अडचणीचे परिणाम ग्राहकाकडूनच वदवून घेण्यावर भर दिला, तोही मोठ्या सौद्यांसाठी. कुणी म्हणेल, दहा रुपयांच्या पेनाला एवढा खटाटोप कशाला? खऱ्या दुकानात नकोच. पण मुलाखतीत साहेब पेन विकत घेत नसतात. उद्या तुम्ही त्यांच्या ग्राहकासमोर कसे बसाल, ते पाहत असतात.

मात्र प्रश्नांची घोकंपट्टीही तितकीच वाईट. साहेब कार्बनबद्दल बोलले आणि उमेदवाराने “आवडता रंग कोणता?” असं विचारलं, तर त्याने ऐकलंच नाही, हे लगेच कळतं. तीन-चार प्रश्न पुरेत. त्यापुढे ती उलटतपासणी होते. आणि गरज खरंच नसेल, तर “तुम्हाला हे पेन उपयोगाचं नाही, ऑफिसात कुणाला लागतं?” असं सरळ विचारावं.

मुलाखत घेणाऱ्यांनाही एक विनंती. पेन पुढे करण्याआधी आपण कोणता ग्राहक आहोत, हे मनाशी ठरवा आणि विचारलं तर खरं उत्तर द्या. प्रत्येक प्रश्नाला “मला पेन लागतच नाही” म्हणत राहिलात, तर उमेदवाराची पारख होणार नाही.