सोमवारची आढावा बैठक आणि मंगळवारची अर्धी तास

आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत सोमवार म्हणजे आढावा बैठक. पंचवीस माणसं, एक साहेब, प्रत्येकाच्या हातात तक्ता. "किती टक्के झालं?" "साहेब, काम प्रगतीत आहे." चला, पुढचा. मीही एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात अशा बैठका वर्षानुवर्षं घेतल्या. आता निवृत्त आहे, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. या बैठकांत मला माझ्या गावच्या पाण्याबद्दल फारसं काही कळलं नाही.

तर झालं असं. टेकडीवरच्या वस्तीत पाणी कमी दाबाने येतंय, अशी तक्रार सात आठवडे येत होती. प्रत्येक सोमवारी आमचे कनिष्ठ अभियंता सांगायचे, "बघून घेतो सर." आणि मी शेरा मारायचो, "तातडीने निकाली काढावे."

त्याच सुमारास मी माझ्या हाताखालच्या पाच जणांना आठवड्यातून एकदा, एकेकट्याला भेटायला सुरुवात केली. कल्पना माझी नाही. इंटेल कंपनीचे अँडी ग्रोव्ह यांनी 1983 सालच्या आपल्या पुस्तकात अशा भेटींवर लिहिलंय, आणि त्यातली मुख्य गोष्ट अशी की ही भेट हाताखालच्या माणसाची असते, साहेबाची नव्हे. विषय त्यानेच आणायचे. ग्रोव्ह तासभर तरी द्या म्हणतात. मला अर्धा तास जमला.

या अभियंत्यांची वेळ मंगळवारी साडेअकरा. फोन शिपायाकडे, दार लावलेलं. पहिली पंधरा मिनिटं त्यांची: काय अडलंय, काय खटकतंय, माझ्याकडून काय हवंय. पुढची दहा माझी. शेवटची पाच एका साध्या वहीत लिहायला, की कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत. माझ्या नावाची कामंही त्याच वहीत. पुढच्या मंगळवारी सुरुवात त्या पानापासून.

पहिले दोन मंगळवार वाया गेले, म्हणजे मला तसं वाटलं. त्यांनी तक्ता वाचून दाखवला, मी मान हलवली. तिसऱ्या वेळी म्हणालो, तक्ता ठेवा बाजूला, तो मी वाचलाय. कुठल्या कामाला हात लावायची इच्छा होत नाही ते सांगा. मग मी गप्प बसलो. हे गप्प बसणं फार जड जातं हो!

बऱ्याच वेळाने ते बोलले. खालच्या पेठेकडे जाणाऱ्या फाट्यावरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नव्हता, स्पिंडल झिजलेला. टेकडीची पाळी असली तरी निम्मं पाणी खालीच उतरायचं. बदलायचा तर मुख्य लाइन दिवसभर बंद ठेवावी लागणार. "मग सांगितलं का नाही?" "सांगितलं होतं सर, बैठकीत. तुम्ही म्हणालात, कारणं नकोत."

मला आठवलंसुद्धा नाही. आणि व्हॉल्व्ह खरेदीची फाइल? ती बारा दिवसांपासून माझ्याच टेबलावर होती.

वहीत त्या दिवशी तीन ओळी लिहिल्या. फाइल आज सही, माझं काम. पाणी बंदची जाहीर सूचना, माझं काम. व्हॉल्व्ह हातात आला की आठ दिवसांत बदलणं, त्यांचं. बदलल्यावर वरच्या वस्तीचा दाब वाढला. इतकंच.

भेट बिघडतेय हे ओळखायच्या माझ्या दोन खुणा होत्या. अर्ध्याहून जास्त वेळ मीच बोलत असलो, तर तो आढावाच झाला. आणि एकच विषय तीन आठवडे वहीत तसाच राहिला, तर बहुधा तो माझ्या पातळीवर अडलेला असायचा. शिवाय भेट रद्द करायची नाही. निवडणुकीच्या कामात गेलो तेव्हा दहा मिनिटं फोनवर बोललो, पण त्याच वारी.

मर्यादाही सांगतो. चाळीस ग्रामसेवक असलेल्या गटविकास अधिकाऱ्याने प्रत्येकाला दर आठवड्याला अर्धा तास द्यावा, असं मी म्हणणार नाही. वीस तास होतात ते. त्यांनी विस्तार अधिकाऱ्यांना भेटावं आणि विस्तार अधिकाऱ्यांनी पुढे. माझ्या मते सात-आठ माणसांपलीकडे हे दर आठवड्याला जमत नाही. चौकशी, नोटीस, शिस्तभंग हे विषयही इथे आणू नयेत, एकदा आणले की पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

आढावा बैठक बंद करा असं नाही माझं म्हणणं. आकडे तिथेच घ्या. पण पुढच्या वेळी आपल्या मुख्याधिकाऱ्यांनी "आढावा घेतला" अशी फोटोसकट बातमी आली, तर कोणीतरी खाली कमेंटमध्ये एवढं विचारा, की साहेब, तुमच्या अभियंत्यांशी दार लावून शेवटचं कधी बोललात?