अकरावी सही : पुनर्विकासाच्या कथेतील प्रतिपक्ष

नायकासमोर प्रतिनायक उभा करणे ही कथनपरंपरेची जुनी सोय आहे. सावकार, पाटील, गिरणीमालक ही माणसे होती. त्यांना चेहरा होता, भाषा होती, पापभीरुपणा किंवा निर्लज्जपणा होता. परंतु महानगरातील वस्तीवर जेव्हा पुनर्विकासाची योजना चालून येते, तेव्हा प्रतिपक्ष माणूस नसतो. तो नियमांचा, टक्केवारीचा आणि मुदतींचा एक समुच्चय असतो. अशा निराकार प्रतिपक्षाशी झुंजणारी कथा लिहिताना लेखकापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, बिल्डरला खलपुरुष करून टाकणे. दुसरी, योजनेला नियती मानून तिच्यापुढे हताशेचा सूर लावणे. या दोन्ही वाटा लेखकाला एकाच कष्टातून सोडवतात. योजना प्रत्यक्षात चालते कशी, हे सांगण्याचे ते कष्ट होत.

या संदर्भात अरविंद अडिगा यांची २०११ साली प्रसिद्ध झालेली ‘लास्ट मॅन इन टॉवर’ ही इंग्रजी कादंबरी विचारात घेण्याजोगी आहे. तिची भूमी मुंबईची, सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोल्याची आहे. विश्राम सोसायटीच्या जुन्या इमारतीतील रहिवाशांपुढे धर्मेन शहा हा बिल्डर बाजारभावापेक्षा कितीतरी अधिक रकमेचा प्रस्ताव ठेवतो. त्याच्या दोन अटी असतात : ठरावीक तारखेच्या आत होकार आणि तोही सर्वांचा. निवृत्त शिक्षक योगेश मूर्ती, म्हणजेच सर्वांचे मास्तरजी, नकार देतात. अखेरीस त्यांचा जीव जातो तो शेजाऱ्यांच्या हातून.

या कादंबरीचे वैशिष्ट्य असे सांगितले जाते की तिच्यात कोणीही निव्वळ दुष्ट नाही. हे खरे आहे. परंतु त्याचे श्रेय लेखकाच्या सहानुभूतीला देऊन थांबणे अपुरे ठरेल. कादंबरीतील माणसांना चेहरे मिळतात ते मुख्यतः एका अटीमुळे. सर्वांची संमती हवी म्हटले की प्रत्येकाचा लाभ दुसऱ्याच्या सहीत अडकतो. मिसेस पुरी आपल्या मतिमंद मुलाचे, रामूचे, वर्षानुवर्षे संगोपन करणारी आई आहे. येणाऱ्या रकमेत तिला त्या मुलाचे भवितव्य दिसते. मास्तरजींचा नकार तिच्या दृष्टीने केवळ एका वृद्धाचा हट्ट राहत नाही. तो तिच्या मुलाच्या तोंडचा घास ठरतो. दुसऱ्या बाजूला खुद्द बिल्डरही गरिबीतून वर आलेला, बांधकामाच्या धुळीने फुप्फुसे झिजलेला माणूस आहे. घर बांधण्याची त्याची ओढ खोटी नाही.

याहून सूक्ष्म आहे ते पिंटो दांपत्याचे स्थान. मिसेस पिंटो अंध आहेत. या इमारतीच्या पायऱ्या आणि वळणे त्यांच्या अंगवळणी पडली आहेत. नव्या जागेत त्या खऱ्या अर्थाने आंधळ्या होतील. मास्तरजींच्या नकाराला आरंभी या मैत्रीचा आधार असतो. पुढे भयाने पिंटोही वाकतात, आणि ज्यांच्यासाठी नकार दिला तेच होकार देऊन बसतात. तरीही मास्तरजी हलत नाहीत. येथे नकाराचे स्वरूप पालटते. आधी ती निष्ठा होती, आता ती अस्मिता होते. नायकाच्या सद्गुणालाच लागलेली ही कीड कादंबरीकाराने लपवलेली नाही. ‘सर्व बाजूंना माणसे’ या सूत्राचा खरा कस असा नायकाच्या बाजूलाच लागतो.

आता प्रश्न असा, की ही अट वास्तवाशी कितपत जुळते? एकमताची मागणी अगदीच काल्पनिक म्हणता येणार नाही. एका असंतुष्ट सभासदाचा दावाही काम वर्षानुवर्षे अडवू शकतो, म्हणून बिल्डर सर्वांच्या सह्या गोळा करण्यासाठी धडपडत. परंतु कायद्याची दिशा वेगळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली राज्य शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी पुनर्विकासासंबंधी निर्देश काढले. त्यानुसार विशेष सर्वसाधारण सभेला तीन-चतुर्थांश सभासदांची उपस्थिती आणि उपस्थितांपैकी तीन-चतुर्थांशांचे अनुकूल मत आवश्यक होते. ४ जुलै २०१९ च्या सुधारित निर्देशांत ही मर्यादा एकूण सभासदांच्या एक्कावन्न टक्क्यांवर आली. दरम्यान मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार असे म्हटले आहे, की संस्थेने रीतसर घेतलेला निर्णय अल्पमतातील सभासदांवरही बंधनकारक असतो आणि त्यांनी जागा अडवून धरता कामा नये.

वीस सदनिकांच्या एका सोसायटीचे गणित मांडून पाहावे. २००९ च्या निर्देशांप्रमाणे पंधरा सभासद सभेला आले तर गणपूर्ती होते आणि त्यांपैकी बारांचे मत मिळाले की ठराव मंजूर. २०१९ नंतर वीसांपैकी अकरा सभासदांची संमती पुरते. म्हणजे एकटा मास्तरजी कोणाची वाट अडवतच नाही. त्याला मारण्याची गरज उरत नाही. त्याला वगळले की झाले. त्याच्या दारावर विष्ठा फासावी लागत नाही. न्यायालयाच्या आदेशाने त्याची सदनिका रिकामी करून घेता येते.

हा फरक केवळ तपशिलाचा नाही. तो कथेचे केंद्रच हलवतो. एकमताच्या अटीत नाट्य शेवटच्या माणसाभोवती गोळा होते. बहुमताच्या अटीत ते काठावरच्या माणसाकडे सरकते. दहा होकार, नऊ नकार आणि मध्ये एक अनिश्चित सभासद अशी स्थिती कल्पिली, तर अकरावी सही हाच कथेचा मर्मबिंदू ठरतो. या माणसाला तत्त्व नाही, वैर नाही. त्याला कदाचित मुलीच्या लग्नाची तारीख जवळ आली आहे, किंवा त्याचे दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाशी तीस वर्षांचे येणेजाणे आहे. दोन्ही बाजू त्याच्याच दारी चहाला येतात. तो सही करतो तेव्हा ती एकट्याची राहत नाही. नऊ घरांचा नकार ती एका क्षणात निरर्थक करते. नकार देणाऱ्या हुतात्म्यापेक्षा या सामान्य होकाराचे ओझे कथनाला अधिक अवघड आहे, आणि म्हणूनच ते अधिक मोलाचे आहे. आजवरच्या पुनर्विकासकथांचा ओढा मात्र हुतात्म्याकडेच राहिला आहे.

दुसरा आक्षेप काळासंबंधीचा आहे. अडिगांच्या कथानकाचा सारा ताण सह्यांच्या मुदतीपर्यंतचा आहे. मास्तरजींच्या मृत्यूने बिल्डरची वाट मोकळी होते आणि कथा मिटत जाते. परंतु प्रत्यक्षात योजनेचा स्वभाव सहीनंतर कळतो. घर रिकामे करणे, दरमहा मिळणाऱ्या भाड्यावर भाडेकरू म्हणून राहणे, मुलांच्या शाळा बदलणे, आणि मग एखाद्या महिन्यात ते भाडे न येणे, या टप्प्यांवर योजना आपले खरे रूप दाखवते. गोरेगावच्या सिद्धार्थनगरचे, म्हणजे पत्राचाळीचे, उदाहरण सर्वश्रुत आहे. तेथील ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा करार २००८ साली झाला. रहिवाशांनी घरे सोडली, चाळ पाडली गेली, काम रखडले, भाडे थांबले, आणि २०१८ मध्ये म्हाडाला विकासकाशी असलेला करार रद्द करावा लागला. या कुटुंबांनी काही अडवले नव्हते. त्यांनी होकार दिला होता.

होकार देणाऱ्यांची ही शोकांतिका नकार देणाऱ्याच्या शोकांतिकेहून वेगळ्या जातीची आहे. तिच्यात निर्णायक प्रसंग नाही; दहा-बारा वर्षे पसरलेली प्रतीक्षा आहे. वृद्ध माणसे भाड्याच्या घरात मरतात. नव्या घराचा हक्क कोणाच्या नावे लागणार यावरून भाऊ भाऊ दुरावतात. शेजार तुटतो तो इमारत पाडल्यामुळे नव्हे, तर सारे शेजारी वेगवेगळ्या उपनगरांत विखुरल्यामुळे. अशा काळाला कथेत बांधणे कठीण आहे, कारण तेथे खलपुरुष सोडाच, घटनाही हाती लागत नाही.

मराठी साहित्याला ही अडचण अपरिचित नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात गिरणी रंगमंचावर कधीच येत नाही. १९८२ चा संप आणि त्यानंतरची कोंडी एका खोलीतील भावंडांच्या आपापसांतील वैरातून कळत जाते. प्रतिपक्ष अदृश्य ठेवूनही त्याचा दाब प्रत्येक संवादात जाणवत ठेवण्याची ही रीत पुनर्विकासाच्या कथेला उपयोगी पडणारी आहे. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. संपाने त्या घरातून काढून घेतले. पुनर्विकास देऊ करतो. देणारा प्रतिपक्ष हा हिरावणाऱ्या प्रतिपक्षाहून दुर्बोध असतो. एकशे ऐंशी चौरस फुटांच्या खोलीत सामायिक संडासापुढे रांग लावणाऱ्या बाईला स्वतंत्र न्हाणीघर हवे असणे हा लोभ नव्हे. चाळीच्या ऐक्याचे गोडवे गाणारी कथा तिच्या या इच्छेला तुच्छ लेखते, तेव्हा ती एका बाजूचा चेहरा पुसून टाकते.

म्हणून अशा कथेचे मूल्यमापन करताना ‘बिल्डर माणूस म्हणून रंगवला आहे का’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ते आज बहुतेक लेखकांना साधते. विचारायला हवे ते असे : योजनेतील कोणते कलम या माणसांना एकमेकांसमोर उभे करते, आणि ते कलम बदलले तर त्यांचे नाते बदलले असते काय? ‘लास्ट मॅन इन टॉवर’ या प्रश्नाला निःसंदिग्ध उत्तर देते. एकमताची अट काढून घेतली तर मिसेस पुरी आणि मास्तरजी मरेपर्यंत सुस्वभावी शेजारी राहिले असते. या एका गोष्टीमुळे ती कादंबरी तिच्या भडक शेवटावर मात करून उरते. परंतु जी अट तिने निवडली ती आज मुंबईत माणसांना विभागणारी अट नाही. ती अट एक्कावन्न टक्क्यांची आहे, आणि त्या अटीखालील मधल्या माणसाची, म्हणजे सही करून घरी आलेल्या आणि समोरच्या दाराकडे न पाहता आपले दार लावून घेणाऱ्या अकराव्या सभासदाची, कादंबरी अद्याप लिहिली जायची आहे.