लाली नुसती नावात नाही



कुंकू, सुकी मिरची, पिकलेला टोमॅटो. तिन्ही लाल. मग ‘लालपणा’ ही खरी गोष्ट आहे की नुसतं नाव?

न्याय-वैशेषिक म्हणतात, लालपणा एकच, नित्य, आणि सगळ्या लाल रंगांत तोच. मग हिरवा टोमॅटो पिकला तेव्हा तो कुठून आला? मिरची करपून काळी झाली की कुठे गेला?

बौद्ध दिङ्नाग म्हणतात, असं काही नसतंच. ‘लाल’ म्हणजे फक्त ‘लाल नसलेल्यांहून वेगळं’. पण ‘लाल नसलेलं’ ओळखायला आधी लाल ठाऊक हवं ना! हा घोळ कुमारिल भट्टांनीच दाखवला. शिवाय लाली नावापुरतीच असती, तर या तीन वस्तू दाखवलेलं लेकरू नवं डाळिंब पाहून आपणहून ‘लाल’ कसं म्हणतं?

आपल्या माणिक्यनंदी आचार्यांचं ‘परीक्षामुख’ सांगतं, सारखेपणा वस्तूंच्याच परिणमनात असतो; तेच तिर्यक् सामान्य. प्रत्येकीची लाली स्वतःची, पण दुसरीसारखी. म्हणून टोमॅटोची लाली टोमॅटोतच उपजते, बाहेरून येत नाही. नाव आपण देतो, सारखेपणा नाही. ‘सगळं नावापुरतंच’ म्हणणाऱ्यांना त्या लेकराचं विचारा.