निरोपाचे भाषण कसे असावे

आमच्या पिढीतील बहुसंख्य शिक्षकांचा जन्म १ जून रोजी झालेला आहे. हा ग्रहयोग नव्हे. घरी जन्मतारखेची नोंद नसे, बाप मुलाला हाताशी धरून शाळेत आणी, आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने मास्तर दाखल्यावर १ जून लिहून मोकळे होत. त्या एका शाईच्या ओळीचा परिणाम अठ्ठावन्न वर्षांनी दिसतो. १ जूनला जन्मलेल्याची वयाची ५८ वर्षे ३१ मे रोजी पुरी होतात आणि त्याच दिवशी तो सेवानिवृत्त होतो. म्हणजे ऐन उन्हाळी सुटीत! वसतिगृह ओस, मुले आपापल्या गावी, पालक पावसाळ्याच्या बेगमीत. १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून दर्यावरची माणसे होड्या वर ओढण्याच्या घाईत. अशा दिवशी रिकाम्या सभागृहात शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन ज्याला निरोप दिला जातो, त्याने आयुष्यभर ज्यांना शिकवले त्यांपैकी एकही मूल तिथे नसते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, निरोप समारंभ तारखेवर नव्हे, मुलांवर ठरवावा. वार्षिक परीक्षा संपते आणि मुले वळकट्या बांधू लागतात, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो करावा. आमच्या गणिताच्या सरांचा निरोप आम्ही असाच एप्रिलमध्ये केला. सरांनी स्वतःच आक्षेप घेतला : “अजून सव्वा महिना नोकरी शिल्लक आहे. आत्ताच हाकलता काय?”

भाषणांची जबाबदारी आम्हा माजी विद्यार्थ्यांवर आली. पहिला मसुदा आला तो ‘ज्ञानाचा अथांग सागर’, ‘आमच्या जीवनाचे शिल्पकार’, ‘दीपस्तंभ’ अशा शब्दांनी ओथंबलेला. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. पण आम्ही एक साधी परीक्षा लावली. प्रत्येक वाक्यात गणिताच्या सरांऐवजी चित्रकलेच्या बाईंचे नाव घालून वाचायचे. वाक्य तसेच खपले, तर ते खोडायचे. चार पानांतून शेवटी दीड ओळ उरली : सर रात्री मुले मोजत नसत, चपला मोजत.

ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना सांगायला नको. रात्रीचा अभ्यास संपला की सर कंदील घेऊन वसतिगृहाच्या पडवीत येत. झोपलेल्यांना उठवायचे नाही, म्हणून दाराबाहेरच्या चपलांचे जोड मोजत. बेचाळीस मुले, बेचाळीस जोड. जोड कमी भरला तर कोण बाहेर आहे ते शोधायचे. आमच्यातल्या हुशारांनी यावर उपाय काढला होता : कुणी गावात दशावतार पाहायला सटकला की त्याच्या चपला पडवीतच ठेवायच्या. अनवाणी गेलेला गडी पहाटे काटे मोडलेल्या पायांनी परते आणि सर सकाळी वर्गात त्यालाच फळ्याशी बोलावत. लंगडणाऱ्याला काही विचारायची गरज नसे.

हा प्रसंग विनोदी आहे, आणि भाषणाचा आरंभ अशाच प्रसंगाने करावा असे आमचे स्पष्ट मत आहे. निरोपाच्या दिवशी रडू आपोआप येते, त्याला आमंत्रण लागत नाही. वक्त्याने पहिल्याच वाक्याला गळा दाटून आणला, तर सभा अवघडते आणि सत्कारमूर्ती जमिनीकडे पाहू लागतो. मालवणी मुलखात तर हे अधिकच खरे. आपल्याकडे माया दाखवायची ती खेकसून किंवा खेचून. मात्र खेचावी ती सवय, माणसाचे रूप, आजार किंवा घरची गरिबी नव्हे. आणि हसण्यातला मोठा वाटा वक्त्याने स्वतःवर घ्यावा.

पण त्या चपलांना दुसरी बाजू होती, आणि तिथे आम्ही अडलो. एका वर्षी दर रात्री एकेचाळीसच जोड भरू लागले. मुले मात्र बेचाळीस. आठवीत नव्याने आलेल्या एका मुलाकडे चपलाच नव्हत्या. शनिवारी बाजारातून परतताना सरांनी कागदात गुंडाळलेला जोड आणला आणि त्याच्या हाती देत म्हणाले, “आमच्या मुलाला लहान झाल्या. घरात पडून होत्या.” तळव्यावर दुकानदाराने खडूने घातलेला आकडा अजून तसाच होता.

हा प्रसंग सांगावा की नाही? आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, सरांचे मोठेपण यापेक्षा कशातून दिसणार? दुसरा म्हणे, सरांनी जे झाकण्यासाठी खोटे बोलले, ते आपण ध्वनिक्षेपकावरून उघडे करायचे? तो मुलगा आज स्वतः बाप आहे. त्याची मुले सभेत बसलेली असतील. आम्हाला दुसऱ्या तटाचे म्हणणे पटले. दुसऱ्याच्या गरिबीवर आपले भाषण सजवण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्याची गोष्ट, त्याची परवानगी. आणि ती मिळाली नाही, तर भाषण फिके झाले तरी चालेल. आम्ही त्याला निरोप धाडला. उत्तर आले, “तुम्ही नको. मीच सांगतो.”

येथे केळुसच्या एका शिक्षकाची आठवण होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे आपल्याच वेंगुर्ला तालुक्यातले. शाळकरी भीमरावाने परीक्षा उत्तीर्ण केल्यावर मंडळींनी सत्काराची सभा ठरवली. वडिलांनी नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल ही त्यांची भीती. केळुसकर मध्ये पडले, सभा झाली, ते बोलले, आणि शेवटी त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाच्या हाती ठेवले. बाबासाहेबांनी १९५६ साली ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत हा प्रसंग सांगितला आहे. ती सभा निरोपाची नव्हती, गौरवाची होती. पण केळुसकर भाषणात काय बोलले, हे तिथे येत नाही. पुस्तक दिले आणि ते वाचून आपण हेलावलो, हे येते. भाषण लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ऐकणाऱ्याजवळ विशेषणे राहत नाहीत. कुणी कुणाच्या हातात काय ठेवले, ते राहते.

त्या संध्याकाळी आम्ही तीनच वक्ते ठेवले, प्रत्येकी पाच मिनिटे. पडवीचा आणि लंगडणाऱ्यांचा किस्सा आमच्यापैकी एका लंगडणाऱ्यानेच सांगितला. सभागृह हसून लोटपोट. मग तो उठला. हातात कागद नव्हता. प्रमाण मराठीत दोन वाक्ये बोलला, अडखळला, आणि घरच्या बोलीवर आला :

“सर, तुमचो झील तेव्हा दुसरीत होतो. तेका ल्हान झालेल्यो चपला माका आठवीत दोन बोटां मोठ्यो कश्यो झाल्यो, ह्यां गणित माका अजून सुटूक नाय.”

तेवढेच बोलून तो खाली बसला. पुढच्या रांगेतली मुले प्रथम हसली, आकडेमोड लवकर झाली म्हणून. मोठी माणसे हसता हसता थांबली. सरांच्या पत्नीने सरांकडे वळून पाहिले. त्यांनाही ही खरेदी ठाऊक नसावी.

सर उत्तराला उभे राहिले. मानपत्र टेबलावर ठेवले, चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. आम्ही त्यांच्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली होती. त्यांनी मागच्या बाकाकडे बोट केले आणि वर्गातल्याच आवाजात म्हणाले, “उदाहरण लिहून घेताना चूक केलीस. पुन्हा सोडव.”

आणि बसले.