‘नाईट मारा रे कुणीतरी’ म्हणजे नक्की कधी?

कॉलेज करून वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत शिफ्ट करत असाल, तर हा मेसेज ओळखीचा वाटेल: ‘आहे का कुणी दयाळू आत्मा? सोमवारी पेपर आहे, नाईट मारा, चहा माझ्याकडून!’ खाली हसण्याच्या चार इमोजी. एक जण म्हणतो, ‘चहात नाही भागणार, नान खलिया लागेल.’ तुम्ही म्हणता, ‘डन!’

आता सांगा, काय डन झालं? त्याने होकार दिला की गंमत केली? रात्री अकराला मशीनपाशी कुणीच नसतं, आणि हजेरीत गैरहजेरी तुमचीच लागते.

खरा घोळ मात्र तारखेचा आहे. तुमच्या डोक्यात सोमवारचा पेपर, म्हणून ती ‘सोमवारची नाईट’. पण तुम्हाला हवी असते ती रविवारी सुरू होऊन सोमवारी संपणारी. कायद्यालाही हा प्रश्न पडला होता. १९४८च्या कारखाना कायद्यातलं कलम ५७ म्हणायचं, मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. त्यामुळे नुसता वार लिहू नका. सुरुवात आणि शेवट, दोन्हींची तारीख आणि वेळ लिहा.

समजा १३ एप्रिलला, सोमवारी, पेपर आहे. तुमची या आठवड्यात थर्ड शिफ्ट, सुट्टी गुरुवारी. ज्यांना विचारायचंय त्या दादांची सेकंड, सुट्टी रविवारी. पहिला विचार येतो, ‘त्यांची सोमवारची सेकंड मी करतो.’ थांबा! दुपारी तीन ते रात्री अकरा ती, आणि अकरापासून सकाळी सातपर्यंत तुमची स्वतःची. सलग सोळा तास! सुपरवायझर हे पास करणार नाही, आणि करूही नये. त्यापेक्षा सुट्ट्यांचीच अदलाबदल करा. ग्रुपवर नको, थेट त्यांना लिहा:

‘दादा, माझा १३ एप्रिलला सकाळी पेपर आहे. रविवार १२ एप्रिल रात्री ११ ते सोमवार १३ एप्रिल सकाळी ७ ही माझी थर्ड शिफ्ट तुम्ही कराल का? बदल्यात गुरुवार १६ एप्रिल दुपारी ३ ते रात्री ११ ही तुमची सेकंड मी करेन. शुक्रवारी १० तारखेला संध्याकाळपर्यंत कळवाल का? जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारतो.’

शेवटचं वाक्य गाळू नका. वयाने मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येतं, पण ‘बघतो’ म्हणून टाळणं त्याहून सोपं असतं. आणि ‘बघतो’ला होकार समजू नका, अगदी अंगठ्याच्या इमोजीलाही नाही. होकार आला की तोच मेसेज दोघांच्या नावांसह सुपरवायझरला पाठवा. त्यांचं ‘ओके’ येईपर्यंत शिफ्ट तुमचीच.

नान खलियाचं तेवढं नंतर ग्रुपवर ठरवा.